शंभर टक्के व्हिसा म्हणे!

भाचीने फोंड्यातल्या एजंटाचं चॅट वाचायला दिलं आणि डोकंच फिरलं. ‘ॲडमिशन कन्फर्म, यूकेचा व्हिसा शंभर टक्के!’ सोबतचं पत्र उघडलं तर नुसती कंडिशनल ऑफर. शेवटच्या वर्षाचे गुण आणि इंग्रजीची परीक्षा अजून बाकी. अटी पुऱ्या झाल्यावर विद्यापीठ कॅस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा दाखला देणार, त्यावर व्हिसाचा अर्ज, आणि निर्णय ब्रिटनच्या गृहखात्याचा. एजंट कसली हमी देतो? वर लिहितो, ‘व्हिसासाठी दाखवायचे पैसे अर्जाच्या आदल्या दिवशी खात्यात टाका, आम्ही सांभाळतो.’ अहो, ती रक्कम सलग 28 दिवस खात्यात लागते! मधे एक दिवस कमी पडली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. इकडे भावजींनी माडांचं भाट विकायला काढलंय. आणि व्हिसा नाकारला तर फी परत मिळणार का, या प्रश्नावर तेवढं ‘फोनवर बोलू’!