पाचव्या दिवशीचा ताप ‘टाक्यांचा’ नसतो

ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: “आतड्याचं ऑपरेशन झालंय तर आठ दिवस पाण्याचा थेंब देऊ नका, जोड ओला होऊन सुटतो. भात-डाळीने टाके पिकतात. टाक्यांवर रोज हळद-खोबरेल लावा, टाके निघेपर्यंत अंघोळ नको. पाचव्या-सहाव्या दिवशी येतो तो टाक्यांचा ताप, गोळी द्या, घाबरू नका.”

सोलापुरात सर्जरी वॉर्डात मी सिस्टर आहे. डिस्चार्ज घेऊन बार्शी-अक्कलकोटकडे निघालेले नातेवाईक हाच मेसेज मोबाइलवर दाखवून “खरंय का?” विचारतात.

आतड्याची दोन टोकं शिवून केलेला हा जोड कोरडा कधीच नसतो. माणूस निव्वळ उपाशी पडून असला तरी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून रोज काही लिटर पातळ द्रव आतड्यात उतरतो. त्यापुढे चार घोट पाण्याचं काय? जोड सुटतो तो त्या जागी रक्त कमी पोचलं, ताण पडला, पोटात आधीच पू होता, साखर वाढलेली आहे किंवा तंबाखू चालू आहे, अशा कारणांनी. म्हणून बहुतेक आतड्याच्या ऑपरेशननंतर सर्जन पहिल्या दिवसापासूनच घोटघोट पाणी सुरू करायला सांगतात. ते पचलं, पोट फुगलं नाही, की नारळपाणी, तांदळाची पेज, डाळीवरचं पाणी. मग ताक, मऊ भात, मुगाचं वरण, इडली. एका वेळी थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी काही आठवडे थांबू द्या. उलटी झाली किंवा पोट ताणलं, तर पुढची पायरी चढायची नाही, आधी कळवायचं. अन्ननलिका किंवा जठराचा जोड असेल, किंवा पोटात घाण पसरलेली असेल, तर सर्जन तोंडाने देणं लांबवतात. तिथे केसपेपरवर लिहिलंय तेच चालेल, शेजारणीचा अनुभव नाही.

पू होतो जंतूंमुळे, भातामुळे नाही. उलट जखम भरायला प्रथिनं लागतात. तेव्हा डाळ, दही, अंडं बंद करणं म्हणजे पेशंटचंच नुकसान.

बाहेरची शिवण साधारण ४८ तासांत वरून मिटते. त्यानंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की तांब्याने अंघोळ चालते, फक्त चोळायचं नाही. स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम आणि मळ टाक्यांवर साचू देणं जास्त वाईट. हळद-तेलाने वर थर बसतो आणि लाली वाढतेय की नाही तेच दिसत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत कोरड्या जखमेतून अचानक गुलाबी पाणी भसाभस आलं, तर आतली शिवण उसवत असण्याची शक्यता आहे. आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलू नका. निर्जंतुक सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर ठेवा, तोंडाने काही देऊ नका आणि १०८ बोलवा.

आता ताप. पहिल्या दोन दिवसांत अंग थोडं गरम असणं नेहमीचं आहे. उतरलेला ताप पाचव्या दिवशी परत चढणं ही वेगळी गोष्ट. जोड गळतो तो बहुधा पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे कधी कधी पेशंट घरी गेल्यावर.

यंत्रमागावर काम करणारे एक काका होते. हर्निया अडकून काळा पडलेला आतड्याचा तुकडा काढून जोड दिलेला. चौथ्या दिवशी मऊ भात खात होते, नाडी ८४. पाचव्या दिवशी घरी गेले. सहाव्या दिवशी जेवण नको, सारखी उचकी, आणि दुखणं कमी होत आलेलं ते परत वाढलं. संध्याकाळी ताप आला. घरच्यांनी मेसेज वाचून पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला, सगळे निर्धास्त. सातव्या दिवशी आणलं तेव्हा ताप नव्हता. पण पडल्या जागी नाडी ११८, श्वास जलद, पोट ताठ, सकाळपासून लघवी जेमतेम. सीटी स्कॅनमध्ये जोडाशेजारी हवा आणि द्रव दिसला. त्याच रात्री पोट पुन्हा उघडून, धुऊन, आतड्याचं तोंड पोटावर काढावं लागलं. काका वाचले. आदल्या संध्याकाळी आले असते तर एवढं विष अंगात भिनलं नसतं.

गोळी ताप उतरवते, गळती नाही. म्हणून घरी रोज सकाळ-संध्याकाळ, पेशंट शांत पडलेला असताना, मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. १००च्या वर टिकून राहिली, तर ताप नसला तरी ते धोक्याचं आहे. बीपीसाठी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर नाडीवर विसंबू नका. वाढतं दुखणं, फुगलेलं पोट, उलटी, खांद्यात कळ, म्हाताऱ्या माणसाचं अचानक असंबद्ध बोलणं, हे बघा. नळी ठेवलेली असेल तर तिच्यातलं गुलाबी पाणी गढूळ, हिरवट किंवा वास मारणारं झालं का तेही बघा. यातलं काही असेल तर तोंडाने देणं थांबवा आणि ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात रात्रीच निघा. दारावर “ताप आलाय” एवढंच सांगू नका. “आतड्याला जोड आहे, आज सहावा दिवस, नाडी इतकी आहे” असं सांगा आणि डिस्चार्ज कार्ड हातात द्या.