लोण्याचं मतदान

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये अकरा जण आहेत. रविवारी राजगडावर त्यातल्या एकाने आणलेली थालीपिठं सगळ्यांनी खाल्ली, आणि रात्री मी ग्रुपवर लिहिलं, "थालीपीठ छान, पण लोणी नव्हतं." त्यावर तो म्हणाला, "पुढच्या वेळी लोणी लावायला मी जातीने हजर." मी म्हटलं, "आधी लावून दाखव, मग बघू." मग तो, मग मी, मग परत तो. सात-आठ मेसेज झाल्यावर लक्षात आलं की एरवी 'गुड मॉर्निंग'च्या फुलावरसुद्धा तीन जण उत्तर देतात, आणि आता मात्र एकही माणूस बोलत नव्हता. ग्रुप असा गप्प झाला की समजावं, सगळे जागे आहेत.

ग्रुप सोडून दोघांनीच बोलायची वेळ हीच. तोवर विषय लोण्याचा असतो, पुढे तो माणसांचा होतो.

वाट मला माहीत होती. त्याच्या मेसेजवर बोट दाबून ठेवायचं, तीन टिंबं उघडायची, Reply privately निवडायचं. त्याचा तो मेसेज तसाच उचलून दोघांच्या खिडकीत येतो, खाली आपण लिहायचं, बाकीच्यांना पत्ता लागत नाही. गुंजवण्याहून चोर दरवाजाने गडावर शिरावं तसं. पण बोटांना सवय मेसेज उजवीकडे सरकवायची. मी सरकवला, आणि ते उत्तर ग्रुपमध्येच जातं हे विसरून लिहिलं, "तिकडे सगळे बघतायत, इथे बोलू."

'तिकडे' म्हणजे इथेच होतं.

अर्ध्या मिनिटात पक्या उगवला. पक्या म्हणजे ट्रेकला पाण्याची बाटली विसरणारा आणि दुसऱ्याचं काहीही न विसरणारा माणूस. "छे छे, आम्ही कुठे बघतोय?" मग, "मी तर डोळे मिटलेत. हे अंदाजाने टाइप करतोय." मग, "कोणी बघत असेल तर हात वर करा." आठ हात वर आले. मी घाबरून मेसेज सगळ्यांसाठी पुसला, तर तिथे 'मेसेज पुसला' असं थडगं उभं राहिलं. पक्याने थडग्याला फूल वाहिलं. मग त्याने पोल काढला: 'लोणी लागेल का?' पर्याय तीन: लागेल, लागलंच आहे, अध्यक्ष जेवण कधी देणार. अध्यक्ष कोण, हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी ग्रुपचं नाव 'सह्याद्री भटके'चं 'लोणी समिती' झालं, आणि ते नाव मी बघत असताना घरात माझी आई माझ्याकडे बघत होती.

पुसायला नको होतं. पंधरा मिनिटांच्या आत तोच मेसेज बदलता येतो. 'तिकडे सगळे जातायत, आपण इथेच भेटू' असं केलं असतं तर बाजूला बारीक 'Edited' दिसलं असतं, पण निदान ते गाडीच्या वेळेबद्दल वाटलं असतं. हे मला सुचलं सतराव्या मिनिटाला.

त्याने मात्र रीतसर केलं, याचाही मला थोडा राग आहे. आधी ग्रुपवर साधं लिहिलं, "पुढच्या रविवारी पहाटे पाच, टॉर्च आणा," म्हणजे तो गायब झाला असं कोणाला वाटू नये. मग दहा मिनिटांनी मला एकटीला: "डबा तुझ्याकडे राहिलाय. शनिवारी न्यायला येऊ? जमत नसेल तर पक्याच्या हाती दे." 'इकडे ये', 'एकटं बोलू' काही नाही. शिवाय मला नको असेल तर पक्या आहेच, नकार डब्याला जाणार, त्याला नाही. डबा खरोखर माझ्याकडेच होता, आणि धुतलेलाही नव्हता.

पण चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. त्याला जे वेगळे मेसेज आले ते "भारी रे", "छुपा रुस्तम". मला आले ते "जपून गं", "एवढं ग्रुपवर कशाला गं?" लोण्याचं बोलणं दोघांनी केलं होतं, पण पोलीस माझ्याच दारात. आणि यातली एकही काळजी ग्रुपवर आली नाही. आठ हात वर केलेल्यांपैकी तिघीजणींची होती ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पक्याचाही मेसेज आला, एकटीला. "राग नाही ना आला? गंमत होती गं." थट्टा चौकात आणि माफी बोळात. मी लिहिलं, "ग्रुपवर लिही."

पक्या टाइप करत होता. थांबला. परत टाइप करत होता. मग आला एक अंगठा.

पोल अजून तसाच आहे. 'लागलंच आहे' ला सहा मतं. मतं कोणाची ते उघडून पाहता येतं. मी उघडलं. त्यातलं एक त्याचं आहे.