जवाच्या पाण्याने ई. कोलाय मरत नाहीत

"गरोदरपणात कुठलीही अँटिबायोटिक घेऊ नका, बाळात व्यंग येतं. लघवीचा त्रास असेल तर जवाचं पाणी प्या. बाळ अंगावर पीत असेल तर गोळ्या संपेपर्यंत दूध काढून टाका."

मी मेडिकल चालवते, असले मेसेज रोज येतात आणि मी रोज पुसते. हा मात्र माझ्या मावसबहिणीपर्यंत तिच्या सासूबाईंच्या मोबाईलवरून पोचला.

तिला पाचवा महिना. जळजळ काही नव्हती, पण नेहमीच्या तपासणीत लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या चाचणीत, ई. कोलाय हे जंतू निघाले, मिलिलिटरला एक लाखाच्या वर. डॉक्टरांनी सात दिवसांचं सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक दिलं. तीन गोळ्या झाल्यावर हा मेसेज आला. पाकीट फ्रिजवर गेलं, गॅसवर जव चढले. पाचव्या रात्री हुडहुडी, १०२ ताप, उलट्या आणि उजव्या बरगडीखाली पाठीत ठणका. संसर्ग मूत्रपिंडात चढला होता. शेवटी अँटिबायोटिक घ्यावंच लागलं, तेही दवाखान्यात पडून, शिरेतून.

गरोदरपणात हे लवकर होतं, कारण प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वरून गर्भाशय दाबतं आणि लघवी तुंबते. त्रास नसला तरी जंतू वर चढतात, म्हणून तर कल्चर करायचं. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रन आढाव्यात अशा बायकांना अँटिबायोटिक दिल्यावर मूत्रपिंडाच्या संसर्गाचं प्रमाण जवळपास चौथाईवर आलेलं दिसतं. त्यातले बरेच अभ्यास जुने आहेत, हे मान्य. पण जवाच्या पाण्यामागे तेवढंही नाही. तहान लागली तर प्या की खुशाल.

व्यंगाचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. डॉक्सीसायक्लिनने चौथ्या महिन्यानंतर बाळाच्या दुधाच्या दातांवर डाग पडू शकतात. ट्रायमेथोप्रिम फॉलिक अ‍ॅसिडच्या कामात आडवं येतं, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइन मधल्या महिन्यांत चालतं, पण बाळंतपण जवळ आल्यावर नको, कारण नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिनही शक्यतो देत नाहीत. पण अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिन कित्येक वर्षं गरोदर बायकांना दिली जातायत. ज्यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ती आधी डॉक्टरांना सांगायची, एवढंच.

आणि दूध काढून टाकायचं? अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिन या दोन्ही औषधांचा अगदी किंचित अंश दुधात उतरतो. बाळाला क्वचित पातळ शी होते, तोंडात पांढरा थर येतो. तसं दिसलं तर दाखवावं. पाजणं थांबवायचं कारण नाही.

बहीण आता बरी आहे. गोळ्या संपल्यावर आठवड्याने पुन्हा कल्चर करायचं ठरलंय. तिच्या औषधांच्या डब्यात दिरांची उरलेली नॉरफ्लॉक्सासिनची अर्धी पट्टी होती, ती मी घेऊन आले. या सगळ्यात तीच एक गोळी खरंच घ्यायची नव्हती, आणि तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.