बजेटचा तक्ता इंडोनेशियनमध्ये नेताना

"देणगीदाराच्या अंतिम अहवालाचं इंडोनेशियन करताना बजेटच्या तक्त्यांवर वेळ घालवू नका. आकडे कॉपी-पेस्ट करा, आकड्यांना भाषा नसते. रकान्यांची नावं शब्दकोशातून घ्या. फरकाच्या टिपा सगळ्यात शेवटी करा. वाद झालाच तर इंग्रजी प्रतच ग्राह्य धरतात."

हा मेसेज माझ्या भाचीकडे आला आणि ती त्याप्रमाणे तक्ते करायलाही बसली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

आधी आकडे, कारण खरं नुकसान तिथेच होतं. इंडोनेशियात हजारांच्या गटासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणजे इंग्रजीच्या बरोबर उलट. समजा, प्रशिक्षणाला १२ हजार ५०० डॉलर मंजूर होते, खर्च ११ हजार ५२५ झाला आणि ९७५ उरले. इंग्रजी तक्त्यातलं `12,500` तसंच चिकटवलं तर तिथला वाचक ते साडेबारा असं वाचतो. इंडोनेशियन सेटिंग असलेल्या एक्सेलमध्ये टाईप केलं तर एक्सेलही तेच समजतं: `12,500` वजा `11,525` म्हणजे `0,975`. शेजारी छापलेले ९७५ मग कशाशीच जुळत नाहीत. `12,500.00` असं लिहिलं तर आणखी वाईट. ती संख्या न राहता नुसता मजकूर होतो आणि `SUM` तो मुकाट्याने वगळतो. अशी ओळ पकडायची खूण म्हणजे बाकीचे आकडे उजवीकडे टेकलेले असताना हा एकटा डावीकडे दिसतो, आणि एकूण बेरीज नेमकी तेवढ्यानेच कमी भरते.

एक मात्र मान्य करावं लागेल. मूळ एक्सेल फाईलमध्ये पेशींत खऱ्या संख्या असतील तर त्या पुन्हा टाईप करूच नयेत. संगणकाचं प्रादेशिक सेटिंग बदललं की टिंब-स्वल्पविराम आपोआप बदलतात. पण अहवाल बहुतेक वेळा वर्डमध्ये किंवा पीडीएफमध्ये येतो, आणि तिथे आकडा म्हणजे नुसती अक्षरं. भाषांतरित तक्ता तपासायचा तर तो एक्सेलमध्ये मजकूर म्हणूनच आणा, शेजारच्या रकान्यात पुढचं सूत्र घाला आणि येणारी बेरीज मूळ बेरजेशी ताडून पाहा:

```
=NUMBERVALUE(B5,",",".")
```

एक्सेल इंडोनेशियन सेटिंगवर असेल तर सूत्रातले भाग अर्धविरामाने तोडावे लागतात.

याहून मोठा घोटाळा `M` या एका अक्षराचा. इंग्रजी तक्त्यात `IDR 1,250M` म्हणजे १२५ कोटी रुपिया, कारण तिथे `M` म्हणजे दशलक्ष. इंडोनेशियात दशलक्षाला जुता म्हणतात आणि ते `jt` असं लिहितात. `M` म्हणजे तिथे मिलियार, म्हणजे शंभर कोटी. फक्त स्वल्पविरामाचं टिंब करून `Rp1.250 M` लिहिलं की रक्कम हजारपट होते, आणि बेरीज करून ही चूक सापडतच नाही, कारण सगळ्याच ओळी सारख्याच फुगतात. म्हणून अक्षर वापरूच नका. पूर्ण आकडा लिहा, `Rp1.250.000.000`, आणि `Rp`नंतर जागा सोडू नका.

रकान्यांच्या नावांत शब्दकोश कुठे फसवतो? फरकाच्या रकान्यात. काही देणगीदार मंजूर रकमेतून खर्च वजा करतात, म्हणजे पैसे उरले की आकडा धन. इंडोनेशियन सरकारी अंदाजपत्रकीय अहवालात बहुधा 'खर्च मंजुरीच्या वर (खाली)' अशा अर्थाचा रकाना असतो. तिथे पैसे उरले की आकडा कंसात जातो. ओळखीचं म्हणून ते शीर्षक उचललं आणि आकडा तसाच ठेवला, तर उरलेले ९७५ डॉलर जादा खर्च ठरतात. वजाबाकीची दिशा शीर्षकातच लिहिली की प्रश्न मिटतो:

```
Anggaran | Realisasi | Selisih (anggaran - realisasi)
12.500   | 11.525    | 975
```

खर्चाच्या वर्गांत साधनसामग्रीला `Peralatan` आणि किरकोळ साहित्याला `Perlengkapan` हे दोन शब्द दिसायला इतके जवळचे आहेत की थकलेल्या डोळ्यांनी त्यांची अदलाबदल होतेच. साहित्याला `Bahan habis pakai` म्हटलं की धोका टळतो. मूळ ओळ-क्रमांक मात्र कायम ठेवा.

फरक का पडला हे सांगणाऱ्या टिपा तक्त्यानंतर करणं बरोबरच आहे, पण तक्ता समोर उघडा ठेवून. तक्त्यात प्रशिक्षण `Pelatihan` असेल आणि टिपेत कार्यशाळेचा `Lokakarya` आला, तर वाचणारा तक्त्यात नसलेली ओळ शोधत बसतो. टिपेतल्या वाक्यात `7.8%` राहून जाणं तर नेहमीचंच. तिथे `7,8%` हवं, आणि ते मंजूर रकमेचे टक्के आहेत हेही लिहायला हवं.

इंग्रजी प्रत ग्राह्य, हे अर्धंच खरं. अमेरिकी सरकारी अनुदानाच्या अटींबाबत `2 CFR 200.111` हा तिथला नियम तसं म्हणतो खरा, पण तो अटींच्या अर्थापुरता. इंडोनेशियाच्या २००९च्या कायदा क्रमांक २४चं कलम ३४ सांगतं की सरकारी कार्यालयाला द्यायचा अहवाल इंडोनेशियन भाषेतच हवा. म्हणजे तिथला अधिकारी वाचणार ती हीच प्रत, आणि `12,500` दिसलं की साडेबाराच वाचणार.