दरवाढीच्या आनंदपत्राचा स्वीकार कसा करावा

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्हालाही तो ईमेल आला असेलच. विषय असतो ‘तुमचा अनुभव आता आणखी समृद्ध!’ किंवा तशाच थाटाचं काहीतरी. मला परवा आला, फोटो आणि फायली साठवण्याच्या माझ्या ऑनलाइन प्लॅनचा. आधी आभार, मग गेल्या वर्षी त्यांनी केलेल्या पराक्रमांची यादी, मग एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र, आणि त्याच्याही खाली, फिकट करड्या अक्षरांत, ‘आपल्या पुढील नूतनीकरणापासून सुधारित मूल्यरचना लागू होईल’ हे वाक्य. सुधारित म्हणजे किती? त्यासाठी ‘अधिक जाणून घ्या’ दाबायचं, लॉगिन करायचं, पासवर्ड विसरलेला असतोच, तो बदलायचा, आणि मग कुठे आकडा दिसतो. शंभराचे एकशे पस्तीस. नूतनीकरणाची तारीख तिथेही नाही. ती ‘बिलिंग’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात.

अशा वेळी गोंधळून जाऊ नये. पुढे दिलेला सल्ला पाळावा.

पहिला सल्ला : काहीही करू नका. ईमेल नेमका त्यासाठीच लिहिलेला आहे. काही ठिकाणी नवा दर लावायला तुमची स्पष्ट संमती घ्यावी लागते, पण बहुतेक प्लॅनमध्ये तुमचं मौन हीच संमती. एवढ्या कष्टाने त्यांनी तो आकडा लपवलाय, तुम्ही तो शोधून काढणं बरं दिसत नाही.

दुसरा सल्ला : फारच राग आला तर फोनमधून ॲप काढून टाका. प्लॅन तसाच चालू राहतो आणि पैसे कापले जातात, पण मनाला शांती मिळते. प्लॅन फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतला असेल तर मजा आणखी वाढते. कंपनीच्या साइटवर रद्द करायचं बटणच सापडत नाही, कारण ते स्टोअरच्या सदस्यत्वांच्या यादीत असतं, आणि हे तिथे कुणी लिहून ठेवत नाही.

तिसरा सल्ला : चिडून लगेच दुसरीकडे जा. पहिल्या वर्षाचा दर पाहा, तिथेच थांबा. मी पाहिलेल्या दुसऱ्या प्लॅनचा पहिल्या वर्षाचा दर ऐंशी होता. एकशे पस्तीसच्या जागी ऐंशी! पण दराच्या शेजारी एक बारीक तारा होता. तो तारा पानाच्या तळाशी उतरला तेव्हा कळलं, की दुसऱ्या वर्षापासून एकशे चाळीस. म्हणून तीन वर्षांचा हिशेब मांडला. इथेच राहिलो तर एकशे पस्तीस त्रिक चारशे पाच. तिथे गेलो तर ऐंशी अधिक एकशे चाळीस अधिक एकशे चाळीस, म्हणजे तीनशे साठ. तीन वर्षांत बचत पंचेचाळीस, आणि तीही पहिल्याच वर्षाची. चौथ्या वर्षापासून मी तिथे जास्त भरणार, आणि त्याआधी त्यांचा आनंदाचा ईमेल आला नाही तरच. असा हिशेब घालणाऱ्यांचं मात्र अजिबात ऐकू नका. आगीतून फुफाट्यात पडण्यातही एक थरार आहे.

चौथा सल्ला : निघताना सामान बांधायला फार वेळ लागत नाही. ‘तुमचा डेटा केव्हाही डाउनलोड करा’ असं त्यांनी लिहिलेलंच आहे. केव्हाही म्हणजे खरोखर केव्हाही. आधी विनंती करायची. मग ‘तुमची प्रत तयार होत आहे’ असा निरोप येतो. त्या दिवशी, कधी त्याच्या दुसऱ्या दिवशी, लिंक येते आणि तिला मुदत असते. माझा साठा ३४० जीबीचा. दोन-दोन जीबीच्या झिप फायली मागितल्या तर १७० फायली, एकेक दाबून उतरवायच्या. पन्नास जीबीच्या मागितल्या तर सातच, पण शेवटच्या टप्प्यावर कनेक्शन तुटलं की ती आख्खी फाइल पुन्हा पहिल्यापासून. दहा जीबीचा तुकडा मधला मार्ग म्हणून बरा, त्या हिशेबाने चौतीस फायली. पन्नास एमबीपीएसचं कनेक्शन अखंड पूर्ण वेगाने चाललं, जे कधीही चालत नाही, तरी उतरवायलाच पंधरा तास. आता हे सगळं नव्या ठिकाणी चढवायचं. चढवण्याचा वेग अनेक कनेक्शनांत उतरवण्याच्या मानाने फारच कमी असतो. तो दहा एमबीपीएस धरला तर पंच्याहत्तर तास, म्हणजे तीन दिवस आणि वर तीन तास, एकदाही खंड न पडता. तोवर घरातल्या बाकीच्यांनी इंटरनेटला हात लावायचा नाही.

आणि उतरलं म्हणजे नीट उतरलं असं थोडंच आहे? कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख असते, ते निभावतात. पण पुढे पाठवलेले, स्कॅन केलेले, ज्यांची तारीख तुम्ही नंतर बसून हाताने दुरुस्त केली होती असे फोटो? काही सेवा ती दुरुस्ती शेजारी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. नव्या जागेला ती फाइल कळत नाही. मग आजोबांचा जुना फोटो या आठवड्यात काढलेला म्हणून वर येतो, आणि त्याच्या मागोमाग असे आणखी कितीतरी, सगळे एकाच तारखेला. इतरांनी सामायिक अल्बममध्ये टाकलेले फोटो तर बऱ्याचदा येतच नाहीत, कारण ते तुमचे नव्हतेच मुळी.

बरं, फोनमध्ये आहेत की सगळे मूळ फोटो, असं वाटत असेल तर सेटिंगमध्ये डोकावून या. ‘जागा मोकळी करा’ किंवा ‘साठा आटोपशीर ठेवा’ अशा गोड नावाचा पर्याय कधीतरी चालू झालेला असतो. तेव्हापासून फोनमध्ये राहते ती फक्त छोटी, हलकी नक्कल. मूळ फोटो त्यांच्याकडे. विमान मोडवर ठेवून एखादा जुना फोटो उघडा आणि बोटांनी मोठा करा. धुरकट झाला, किंवा गोल चक्र फिरत राहिलं, तर मूळ प्रत तुमच्या हातात नाही. हे प्लॅन बंद करण्याआधी कळलं तर उत्तम. नंतर कळलं तर कुणाला सांगणार?

पाचवा सल्ला : कुटुंब प्लॅन असेल तर घरच्यांना विचारू नका. त्यांना आपोआप कळेल.

सहावा सल्ला : ‘आत्ताच दोन वर्षांचे पैसे भरा आणि जुना दर राखा’ ही चौकट दिसली की डोळे मिटून भरा. दोन वर्षांनी तुम्हाला एवढी जागा लागेल का, मधेच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, असल्या शंका काढणारा माणूस नातेवाइकांतही अप्रिय होतो.

सातवा सल्ला हा खरा शेवटचा असायला हवा होता. तो असा, की तुम्ही मुळात किती जागा वापरता हे कधीही पाहू नका. मी पाहिलं, आणि तिथेच माझा विनोद संपला.

दोन टीबीचा प्लॅन. वापर ३४० जीबी. म्हणजे सहावा हिस्सा. पाच हिस्से रिकामी हवा, आणि दरवाढ त्या हवेसकट. त्यांचाच पाचशे जीबीचा एक प्लॅन आहे, दर पंचेचाळीस. तीन वर्षांचे एकशे पस्तीस, म्हणजे नव्या दराने एका वर्षाचे जेवढे होतील तेवढेच. फोटो हलवायचे नाहीत, झिप फायली नाहीत, तारखांचा घोळ नाही. हा प्लॅन ईमेलमध्ये नाही. दरांच्या पानावर नाही. तो मला कुठे दिसला माहीत आहे? ‘सदस्यत्व रद्द करा’ दाबल्यावर. आधी ‘तुम्ही आम्हाला सोडून चाललात?’ असं रडकं चित्र, मग कारण विचारणारं पान, मग ‘तुम्ही हे सगळं गमवाल’ अशी यादी, आणि त्यानंतर, आता हा जातोच आहे म्हटल्यावर, ‘लहान प्लॅन चालेल का?’

अरे, मग हे आधी का नाही सांगितलंत? माझा वापर किती हे तुम्हाला रोज दिसतं. ‘साठा भरत आला, मोठा प्लॅन घ्या’ हे सांगायला तुम्ही एक दिवस उशीर केला असता का? जागा कमी पडली की लाल पट्टी, आणि जागा वाया जात असली की तोंडाला कुलूप. वर त्याला ‘समृद्ध अनुभव’ म्हणायचं! दर वाढवा, जरूर वाढवा. साठवणुकीला खर्च येतो, यंत्रं बदलावी लागतात, वीज लागते, हे आम्हालाही कळतं. पण मग पहिल्या ओळीत लिहा : दर एवढा होता, एवढा होणार, या तारखेपासून, तुमचा वापर इतका, त्याला पुरेल असा लहान प्लॅन हा, आणि नको असेल तर इथे दाबा. पाच ओळी होतात. हसऱ्या कुटुंबाचं चित्र काढून टाकलंत तर जागाही उरते.

आणि तुम्ही वाचणारे, तुम्हीही फार हसू नका. तुमच्याही खात्यात अशीच हवा भरलेली आहे, आणि ती तपासायला पाच मिनिटं लागतात, ती तुम्ही गेली कित्येक वर्षं काढलेली नाहीत. आधी बिलिंगमध्ये जाऊन नूतनीकरणाची तारीख बघा. ईमेल आला तो दिवस महत्त्वाचा नाही, पैसे कापले जाणार तो दिवस महत्त्वाचा. मग वापराचा आकडा बघा. कचरापेटी रिकामी करून बघा, कारण खोडलेल्या फायलीही बऱ्याच ठिकाणी काही आठवडे जागेत मोजल्या जातात. आकडा लहान प्लॅनमध्ये बसत असेल, आणि वर वर्षभराच्या फोटोंना जागा उरत असेल, तर खाली उतरा. मात्र बदल लगेच लागू होतो की चालू मुदत संपल्यावर, हे त्या पानावर वाचा. लगेच होत असेल आणि उरलेल्या मुदतीचे पैसे वळते होत नसतील, तर नूतनीकरणाच्या दोन दिवस आधी या. आणि साठा नव्या मर्यादेच्या वर राहू देऊ नका, नाहीतर नवे फोटो चढणं गुपचूप बंद होईल.

नसेलच बसत, आणि जायचंच ठरलं, तर महिनाभर आधी सुरुवात करा. जुनं चालू असतानाच नवं भरा. दोन्हीकडचे फोटो मोजून आकडे जुळवा. सगळ्यात जुन्या वर्षाचे चार फोटो आणि दोन व्हिडिओ उघडून बघा. मग बंद करा. आणि ‘आपोआप नूतनीकरण बंद’ आणि ‘खातं कायमचं हटवा’ या दोन बटणांमध्ये पहिलं दाबा. दुसरं दाबून मग मला विचारायला येऊ नका.