सर्व्हायव्हर कोण?

लग्नाला पंचवीस दिवस झाले तेव्हा कासारवडवलीतल्या आमच्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये एकच भांडण रोज व्हायचं, ते म्हणजे दूधवाल्याला कोणी जीपे केलं. दोघांनीही केलेलं असायचं, नाहीतर दोघांनीही नाही. शेवटी केतकी म्हणाली, घरासाठी एक जॉइंट अकाउंट काढूया, पगाराची खाती आपापली राहू देत. मी लगेच हो म्हटलं आणि मर्दानगीच्या झटक्यात वर बोललो, "दोघांनी अर्धे अर्धे टाकायचे!"

आता हिचा पगार बहात्तर हजार आणि माझा अठ्ठेचाळीस, हे ती विसरली नव्हती, मीच विसरलो होतो. तिने विजेच्या बिलाच्या मागे हिशोब मांडला. भाडं चोवीस हजार, किराणा-भाजी बारा, लाईट-गॅस-वायफाय साडेतीन, मावशींचे अडीच, आणि अडीअडचणीला आठ, म्हणजे बरोबर पन्नास हजार. अर्धे अर्धे केले तर तिच्याकडे उरणार सत्तेचाळीस आणि माझ्याकडे तेवीस, त्यातून माझ्या बाईकचा हप्ता. "वीस तारखेला माझ्याकडे उधार मागशील, आणि ते मी देणार नाही," असं तिने प्रेमाने सांगितलं. मग पगाराच्या प्रमाणात ठरलं, तिचे तीस, माझे वीस. अहंकाराला थोडं लागलं पण अठ्ठावीस हजार उरले, त्यामुळे लगेच बरं वाटलं.

फॉर्म भरायला रविवारी डोंबिवलीहून आई आणि बँकेतून रिटायर झालेले काका आले. काका म्हणाले, "ऑपरेशनच्या रकान्यात आयदर ऑर सर्व्हायव्हरवर टिक कर." आईने विचारलं, सर्व्हायव्हर म्हणजे काय? काकांनी सरळ मराठीत सांगितलं, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतं, आणि एक गेला तर जो मागे राहील त्याला पैसे मिळतात.

झालं. "हळदीचा रंग उतरला नाही अजून आणि फॉर्मवर काय अभद्र लिहिताय? हे बघ, खाली जॉइंटली लिहिलंय. किती छान!" काका काहीतरी बोलायला गेले पण आईने त्यांच्यासमोर पुरणपोळी ठेवली. टिक जॉइंटलीवर पडली.

पहिल्या महिन्यात आम्ही मोठ्या थाटात तीस आणि वीस हजार टाकले. पैसे आत गेले खरे, बाहेर येईनात. ॲपमध्ये खातं दिसायचं, यूपीआय चालायचं नाही, डेबिट कार्डही नाही. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, जॉइंटली म्हणजे प्रत्येक वेळी दोघांची सही लागणार, पिन एकट्याचा असतो मग कार्ड कसं देणार? म्हणजे पन्नास हजारांचे मालक असून दहाची कोथिंबीर घ्यायची तर दोघांच्या सहीचा चेक, आणि भाजीवाला चेक घेत नाही (विचारून बघितलं). भाड्याचा चेक मात्र लिहिला, तर केतकीने घाईत जुन्या आडनावाची सही ठोकली, तो परत आला, वर बँकेने चार्ज कापला आणि घरमालकाने दोन दिवस लिफ्टमध्ये मान फिरवली.

काकांना फोन केला. "अरे, त्या दिवशी हेच सांगत होतो! आणि यात सर्व्हायव्हर नसल्यामुळे, देव न करो, एकाला काही झालं तर दुसऱ्याला नुसत्या त्याच्या सहीवर पैसे मिळणार नाहीत, गेलेल्याच्या वारसांनाही सोबत घ्यावं लागतं." म्हणजे आईने जे टाळायला टिक बदलली, नेमकं त्याच वेळी त्रास होणार होता.

मोड बदलायला दोघांच्या सहीचा अर्ज लागतो. आम्ही सुट्टी बघून शनिवारी गेलो, तो निघाला दुसरा शनिवार, शटर बंद. मग हाफ डे टाकून सोमवारी गेलो. आता पगार आला की तीन तारखेला दोघांच्या खात्यातून आपोआप पैसे तिकडे जातात, भाडं तिथूनच जातं, कार्ड आलंय, दोघांचे मोबाईल नंबर जोडलेत त्यामुळे यूपीआयही दोघांचं चालतं. फक्त प्रत्येक खर्चाचा मेसेज तिच्याही फोनवर जातो. परवा स्टेशनबाहेर दोन वडापाव चुकून घरच्या खात्यातून घेतले तर लोकलमध्ये चढेपर्यंत मेसेज, "एकट्याने? घरच्या पैशातून?" तेव्हापासून वडापाव स्वतःच्या खात्यातून. मामेबहिणीच्या लग्नाचा आहेर कुठून द्यायचा यावर अजून चर्चा चालू आहे.

काल आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग हळूच, "ते अभद्र काही नाही ना रे त्या बँकेत?"

"नाही गं," मी म्हटलं. मागे केतकी तोंडात पदर कोंबून हसत होती, म्हणजे पदर नव्हता, ओढणी होती.