सोन्याचा औंस 28 ग्रॅमचा नसतो हो!

"1 कप = 250 ग्रॅम. 1 पिंट = अर्धा लिटर. 1 फर्लांग = 200 मीटर. 1 औंस = 28.35 ग्रॅम, म्हणून जगातला सोन्याचा औंसचा भाव 28.35 ने भागा, सराफ किती लुटतो ते कळेल. सगळ्यांना पाठवा!"

पाठवलं ना सगळ्यांनी. एरंडोलच्या मावशीपर्यंत पोचलं. ती पाटल्या मोडायला जळगावला निघालेली, आणि सकाळी सकाळी फोन, "भाऊ, सराफ आपले लुटस का रे?"

तर आधी औंसचंच बघू. 28.35 ग्रॅमचा औंस आहे, खोटा नाही, पण तो किराण्याचा, ज्याचे 16 मिळून एक पौंड होतो. सोन्या-चांदीचा औंस वेगळा, त्याला ट्रॉय औंस म्हणतात, तो 31.1035 ग्रॅमचा. दोघांच्या मुळाशी ग्रेन हे एकच बारीक माप आहे, साधारण 64.8 मिलिग्रॅमचं, फक्त किराण्याच्या औंसात ते 437.5 आणि ट्रॉयमध्ये 480 बसतात. त्यात गंमत अशी की ट्रॉय पौंड 12 औंसांचाच, म्हणजे 373 ग्रॅम. लहानपणी विचारायचे ना, कापूस जड की सोनं, इथे औंसभर सोनं औंसभर कापसापेक्षा जड आणि पौंडभर सोनं पौंडभर कापसापेक्षा हलकं!

आता हिशोब. सोपा जावा म्हणून औंसचा भाव 3110 डॉलर धरा. 31.1 ने भागलं की ग्रॅमला 100 डॉलर. 28.35 ने भागलं तर 109.70. म्हणजे मावशीच्या पाटल्या 50 ग्रॅमच्या धरल्या तर त्यांवर जवळपास पाच ग्रॅमचे पैसे हवेतून तयार झाले, आणि ते सराफाने दिले नाहीत म्हणून तो चोर. शिवाय औंसचा भाव शुद्ध सोन्याचा असतो, पाटल्या 22 कॅरेटच्या, म्हणजे त्यात शुद्ध सोनं 50 पैकी 46 ग्रॅमच्या आसपास. पटत नसेल तर एक औंसचं सोन्याचं बिस्किट काट्यावर ठेवून बघा, 31.1 ग्रॅम भरतं.

मावशीला म्हटलं, तपासायचंच तर तोळा तपास. आजीच्या वेळचा तोळा 11.66 ग्रॅमचा, आता बाजारात 10 चा धरतात. आजीने पाच तोळ्यांच्या म्हणून दिल्या असतील तर काट्यावर 58 ग्रॅम दिसायला हव्या, थोडी झीज सोडून. वजन डोळ्यांसमोर करून घे.

बाकीचं काय, कप हे भांड्याचं माप आहे, वजनाचं नाही. अमेरिकन कप 237 मिलीचा, त्यात साखर 200 ग्रॅम मावते आणि मैदा सव्वाशेच्या आसपास, 250 ग्रॅम मैदा घालून केक केला तर वीट होईल. पिंट ब्रिटिश 568 मिली, अमेरिकन 473, अर्धा लिटर दोन्ही नाही. फर्लांग 201 मीटर, मैलाचा आठवा भाग, तेवढं एक जवळपास बरोबर आहे, जाऊ द्या.

मावशी जाऊन आली. पाटल्या भरल्या 57 ग्रॅम.